लॉगमधील ओळ आणि रात्रीचा फोन

संगणकीय यंत्रणा चालू असताना स्वतःविषयी सतत काही ना काही लिहीत असते. कोणी प्रवेश केला, कोणती फाइल सापडली नाही, कोणत्या जोडणीकडून उत्तर यायला उशीर झाला, अशा ओळी ज्या फाइलमध्ये कालक्रमाने साठत जातात तिला लॉग म्हणतात. गजबजलेल्या सर्व्हरवर दिवसाकाठी अशा लाखो ओळी जमा होऊ शकतात आणि त्यांतील बहुतेक ओळी कोणीही कधी वाचत नाही. त्या वाचण्यासाठी नसतातच, पुढे काही बिघडले तर मागचा माग काढता यावा एवढ्यासाठी त्या ठेवलेल्या असतात. मात्र त्याच प्रवाहात क्वचित एखादी ओळ अशी येते, की ती दिसताच झोपलेल्या माणसाला उठवावे लागते. कोणती ओळ फाइलमध्ये पडून राहावी आणि कोणत्या ओळीने फोन वाजावा, हे यंत्रणेला त्या क्षणी स्वतःच ठरवता यावे म्हणून प्रत्येक संदेशाला जी खूण लावली जाते ती तीव्रतेची पातळी होय, आणि कोणती खूण असलेला संदेश कोणाकडे न्यायचा याच्या नियमांना रूटिंग म्हणतात. ही खूण कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे लावायची, हा या प्रकरणाचा मुख्य प्रश्न आहे.

या खुणांची आज सर्वत्र दिसणारी रचना १९८०च्या दशकात तयार झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एरिक ऑलमन यांनी ई-मेल पोचवणारा सेंडमेल हा प्रोग्राम लिहिला आणि त्याच्या नोंदी नीट ठेवता याव्यात म्हणून सिसलॉग नावाची सोय केली. पुढे इतर प्रोग्रामही तीच सोय वापरू लागले आणि बऱ्याच वर्षांच्या वापरानंतर तिचे नियम लेखी मानकात बांधले गेले. सध्याचे मानक २००९ सालचे असून ते RFC 5424 या नावाने ओळखले जाते. त्यात शून्य ते सात अशा आठ पातळ्या आहेत आणि आकडा जितका लहान तितका प्रसंग गंभीर, असा क्रम आहे. शून्य म्हणजे यंत्रणा वापरण्याजोगीच राहिलेली नाही, दोन म्हणजे गंभीर बिघाड, तीन म्हणजे चूक, चार म्हणजे सावधगिरीची सूचना, सहा म्हणजे केवळ माहिती आणि सात म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याला दोष शोधताना लागणारे बारीकसारीक तपशील. संदेशाच्या आरंभी कोनदार कंसात एक संख्या असते आणि तिच्यात ही पातळी दडलेली असते: संदेश कोणत्या विभागातून आला त्या विभागाच्या क्रमांकाला आठने गुणून त्यात पातळी मिळवतात. त्यामुळे `<34>` असे दिसले की चार गुणिले आठ अधिक दोन अशी फोड होते, म्हणजे प्रवेश-तपासणीच्या विभागातून आलेला गंभीर पातळीचा संदेश.

रूटिंगची कल्पनाही याच सोयीत होती. जुन्या युनिक्स संगणकावरील `/etc/syslog.conf` या फाइलमध्ये पुढील दोन ओळी असत.

```
*.info     /var/log/messages
*.emerg    *
```

पहिल्या ओळीचा अर्थ असा, की माहिती किंवा तिच्याहून गंभीर पातळीचा कोणत्याही विभागाचा संदेश फाइलमध्ये लिहावा. दुसरीचा अर्थ असा, की शून्य पातळीचा संदेश त्या घडीला संगणकावर बसलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर झळकवावा. किरकोळ ते फाइलमध्ये आणि प्राणांतिक ते माणसासमोर, ही विभागणी या दोन ओळींत पूर्ण झालेली आहे. नंतरच्या काळात पडद्याच्या जागी पेजर आला आणि पेजरच्या जागी मोबाइल; तत्त्व तेच राहिले.

तथापि या रचनेत एक अडचण पहिल्यापासून होती, आणि तिचे गांभीर्य फार उशिरा लक्षात आले. सिसलॉगमधील पातळी ठरवतो तो प्रोग्राम लिहिणारा, आणि तीही प्रोग्राम लिहिताना, म्हणजे प्रत्यक्ष प्रसंगाच्या कित्येक महिने किंवा वर्षे आधी. फाइल उघडता आली नाही तर ‘चूक’ असे त्याने लिहून ठेवलेले असते. परंतु ती फाइल एखाद्या जुन्या अहवालाची आहे की बँकेच्या खातेवहीची, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचा मार्गही नसतो. एका लेखकाने ‘गंभीर’ म्हटलेले दुसऱ्याच्या लेखी साधी सूचना असते. मानकाच्या कर्त्यांनीही हे ओळखले होते. पातळी ही अतिशय व्यक्तिसापेक्ष गोष्ट असून पाठवणाऱ्या सर्वांची तिची व्याख्या एकच असेल असे घेणाऱ्याने गृहीत धरू नये, असा इशारा त्यांनी त्याच दस्तऐवजाच्या परिशिष्टात दिलेला आहे. म्हणून पाठवणाऱ्याची पातळी आणि घेणाऱ्याची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्या लागतात. काय बिघडले हे पहिली सांगते, तर कोणी आणि किती वेळात उठायचे हे दुसरी सांगते. फोनचा निर्णय दुसरीवर व्हावा लागतो.

हा भेद न केल्यास काय होऊ शकते, याचे अत्यंत बोलके उदाहरण अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली करणाऱ्या कंपनीचे आहे. न्यूयॉर्क शेअर बाजारात १ ऑगस्ट २०१२ रोजी किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू व्हायची होती आणि तिच्यासाठी कंपनीने आपल्या आठ सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवायला घेतला. त्यांपैकी एका सर्व्हरवर तो चढवायचा राहून गेला. नव्या प्रोग्रामने जी खूण वापरली होती, तीच खूण पूर्वी ‘पॉवर पेग’ नावाच्या, कित्येक वर्षे बंद पडलेल्या एका सोयीसाठी वापरली जात असे, आणि त्या आठव्या सर्व्हरवर जुनी सोय अजून शाबूत होती. सकाळी साडेनऊला बाजार उघडताच तो सर्व्हर ग्राहकाची मागणी पुरी झाली तरी न थांबता खरेदी-विक्रीचे आदेश सोडत राहिला. सुमारे पंचेचाळीस मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये चाळीस लाखांहून अधिक सौदे झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा सोसावा लागला. बिघाड नेमका कुठे आहे हे उमगत नसल्यामुळे कर्मचाऱ्यांनी मध्येच उरलेल्या सात सर्व्हरवरील नवा प्रोग्राम काढून टाकला, आणि त्यामुळे तेही आठव्यासारखेच वागू लागले.

या हकिकतीतील प्रस्तुत भाग बाजार उघडण्यापूर्वीचा आहे. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने २०१३ साली दिलेल्या आदेशात नमूद केल्यानुसार त्या सकाळी ८ वाजून १ मिनिटाच्या सुमारास कंपनीच्या अंतर्गत यंत्रणेने आपोआप ई-मेल धाडायला सुरुवात केली. त्यांत ‘पॉवर पेग’ बंद असल्याची चूक नोंदवलेली होती, आणि बाजार उघडेपर्यंत असे ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांच्या एका गटाला गेले. एकोणनव्वद मिनिटांत ९७, म्हणजे मिनिटाला एकाहून किंचित अधिक. यंत्रणेला बिघाड कळलेला होता, तिने तो लिहिला होता आणि माणसांपर्यंत धाडलाही होता. परंतु हे ई-मेल इशारे म्हणून योजलेले नव्हते आणि ते आल्या आल्या वाचण्याची कर्मचाऱ्यांची रीत नव्हती. ज्या संदेशात कंपनी वाचवण्याची संधी होती तो लॉगच्या पातळीवर ठेवला गेला, एवढेच. फरक इतकाच की लॉग फाइलऐवजी टपालपेटीत होता. येथे कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवणे सोपे असले तरी ते न्याय्य नाही, कारण ज्या पेटीत रोज वाचायला न लागणारे संदेश येतात ती पेटी न उघडण्याची सवय कोणालाही लागते. दोष त्या संदेशाला मिळालेल्या वाटेचा होता.

घेणाऱ्याच्या बाजूने पातळी ठरवायची तर प्रत्येक संदेशाला एक प्रश्न विचारणे पुरेसे असते: उद्या सकाळपर्यंत कोणीच काही केले नाही तर काय गमावले जाईल? काहीच गमावले जाणार नसेल, तर संदेश लॉगमध्ये जावा. काही गमावले जाणार असेल पण काही दिवसांनी, तर त्याचे तिकीट व्हावे, म्हणजे कामाच्या यादीत एक नोंद पडावी आणि ती कामाच्या वेळेत कोणीतरी निकालात काढावी. उजाडण्यापूर्वीच नुकसान होणार असेल आणि ते थांबवणे माणसाच्या हाती असेल, तरच फोन. या हिशेबाने आठ पातळ्यांची गरज उरत नाही, तीन पुरतात. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या विश्वसनीयतेवरील पुस्तकातही इशारा, तिकीट आणि लॉग अशीच त्रिविध विभागणी आहे. ‘काळजी वाटते पण उठवण्याइतकी नाही’ अशी चौथी पातळी ई-मेलच्या रूपाने काढण्याचा मोह अनेक ठिकाणी होतो. तिचे पुढे काय होते ते वरील ९७ ई-मेलांवरून दिसते.

हा प्रश्न वेळेच्या भाषेत विचारला की एकच घटना वेगवेगळ्या प्रसंगी वेगवेगळ्या पातळीवर का जाते तेही स्पष्ट होते. डिस्क भरत येणे ही अगदी रोजची घटना घेऊ. पाचशे गिगाबाइटच्या डिस्कवर चारशे वापरले गेले आहेत, शंभर उरले आहेत. ‘ऐंशी टक्के भरली की इशारा द्या’ हा नियम लिहायला सोपा असला तरी त्यातून पातळी ठरत नाही. रोज दहा गिगाबाइटची भर पडत असेल तर हातात दहा दिवस आहेत, म्हणून तिकीट पुरे. एखादा बिघडलेला प्रोग्राम तासाला वीस गिगाबाइट लिहीत सुटला असेल तर हातात पाच तास आहेत, आणि मध्यरात्र असेल तर फोन लावणे भाग आहे. जुनी कागदपत्रे साठवून ठेवलेली आणि भर न पडणारी डिस्क पंचाण्णव टक्के भरलेली असली तरी तिच्यासाठी कोणी काही करायचे नसते. तेव्हा भरलेल्या जागेपेक्षा उरलेल्या तासांवर नियम बांधावा लागतो. यंत्रणांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोमिथियस या साधनात तो असा लिहितात.

```yaml
- alert: DiskFullSoon
  expr: |
    predict_linear(node_filesystem_avail_bytes[1h], 6*3600) < 0
    and
    node_filesystem_avail_bytes / node_filesystem_size_bytes < 0.15
  for: 15m
  labels:
    severity: critical
```

`predict_linear` हे फलन मागच्या एका तासातील मोजमापांतून सरळ रेषा काढते आणि ती सहा तास, म्हणजे सहा गुणिले ३६०० सेकंद, पुढे वाढवून पाहते. रेषा शून्याखाली गेली तर जागा तोवर संपणार असा अंदाज. परंतु सरळ रेषा फसवतेही. रात्री घेतला जाणारा बॅकअप, म्हणजे विदेची राखीव प्रत, अर्ध्या तासात वीस गिगाबाइटची तात्पुरती फाइल तयार करून काम झाल्यावर ती पुसून टाकत असेल, तर त्या अर्ध्या तासात रेषा धाडकन खाली येते आणि चार-पाच तासांत डिस्क संपेल असा खोटा निष्कर्ष निघतो. म्हणून दुसरी अट जोडलेली आहे, की उरलेली जागा पंधरा टक्क्यांहून, म्हणजे या डिस्कवर पंचाहत्तर गिगाबाइटहून, कमी झालेली असावी. बॅकअपच्या वेळी ऐंशी उरतात, त्यामुळे फोन वाजत नाही. खऱ्या बिघाडात शंभरावरून पंचाहत्तरावर यायला सव्वा तास लागतो, त्यानंतर दोन्ही अटी सलग पंधरा मिनिटे खऱ्या राहाव्या लागतात, आणि तेवढ्यात आणखी पाच गिगाबाइट जातात. फोन वाजतो तेव्हा सत्तर उरलेले असतात, म्हणजे साडेतीन तास हातात असतात. खोटा फोन टाळण्यासाठी दीड तास खर्ची घातला, हा या नियमातील सौदा आहे, आणि तो रास्त आहे. कारण जागे होऊन संगणकासमोर बसायला आणि तो प्रोग्राम थांबवायला साडेतीन तास भरपूर होतात. नियमाच्या शेवटच्या ओळीतील `severity: critical` ही घेणाऱ्याने लावलेली खूण आहे. याच नियमाची दहा दिवसांच्या मुदतीची, अधिक लांब कालखंडावर रेषा काढणारी दुसरी प्रत `warning` या खुणेसह ठेवली, की तिकिटाचीही सोय होते.

खूण लागल्यावर संदेशाला वाट दाखवण्याचे काम प्रोमिथियसच्या जोडीचे अलर्टमॅनेजर हे साधन करते. त्याचे नियम झाडासारखे असतात: संदेश मुळाशी येतो, तेथून जी फांदी त्याच्या खुणेशी जुळेल तिच्यावर जातो, आणि एकही जुळली नाही तर मुळाशीच नेमलेल्या ठिकाणी पोचतो.

```yaml
route:
  receiver: ticket
  routes:
    - matchers: [ 'severity="critical"' ]
      receiver: phone
    - matchers: [ 'severity="info"' ]
      receiver: log
```

यात मुळाशी `ticket` आहे हे विशेष पाहण्यासारखे आहे. बहुतेक संदेश किरकोळ असतात म्हणून मुळाशी `log` लिहिण्याकडे नवशिक्याचा कल असतो, आणि तसे लिहिलेले कित्येक महिने सुरळीत चालतेही. पण एखाद्या दिवशी कोणी नवा नियम लिहिताना `critical` ऐवजी `critcal` असे टंकले, तर ती खूण कोणत्याच फांदीशी जुळत नाही आणि सर्वांत गंभीर संदेश मुकाट लॉगमध्ये जाऊन बसतो. यंत्रणा कसलीही तक्रार करत नाही, कारण तिच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते. मुळाशी तिकीट असेल तर तोच संदेश निदान सकाळी माणसाच्या नजरेस पडतो आणि स्पेलिंगची चूक उघडी होते. नियम लागू करण्यापूर्वी पुढील आज्ञेने ही तपासणी करता येते. कोणती खूण कोठे पोचेल ते ती छापून दाखवते.

```
amtool config routes test --config.file=alertmanager.yml severity=critcal
```

याच टप्प्यावर संदेश एकत्र बांधण्याचेही काम होते. चाळीस सर्व्हर ज्या एका नेटवर्क स्विचला जोडलेले आहेत तो स्विच बंद पडला, तर चाळीस गंभीर संदेश काही सेकंदांच्या अंतराने येतात. त्यांचे चाळीस फोन लागले तर पहिल्या फोनवर असलेल्या माणसाला उरलेले एकोणचाळीस नव्या संकटाचे आहेत की त्याच, हे कळत नाही. म्हणून अलर्टमॅनेजर पहिला संदेश आल्यावर थोडा वेळ थांबतो, सामान्यतः तीस सेकंद, आणि तेवढ्यात आलेले एका जातीचे संदेश एकाच निरोपात गुंफतो.

अलर्टमॅनेजर स्वतः फोन लावत नाही. तो निरोप पेजरड्यूटीसारख्या सेवेकडे सोपवतो आणि ती सेवा त्या वेळी पाळीवर असलेल्या व्यक्तीचा क्रमांक फिरवते. फोन उचलला गेला एवढ्याने निरोप पोचला असे मानले जात नाही, कारण फोन व्हॉइसमेलनेही उचलला असू शकतो. ऐकणाऱ्याने एखादी कळ दाबून काम हाती घेतल्याची पोच द्यावी लागते. ठरलेल्या मिनिटांत पोच मिळाली नाही तर फोन दुसऱ्या व्यक्तीला जातो, तिच्याकडूनही न मिळाल्यास तिच्या वरिष्ठाला. लॉग आणि फोन यांतील खरा फरक येथे दिसतो. लॉगमधील ओळ कोणी वाचली नाही तरी ती आपल्या जागी गप्प राहते. फोनमागील संदेश मात्र कोणा एका नावाच्या माणसाने पोच देईपर्यंत माणसे बदलत फिरत राहतो.

असा फोन महाग असतो. गूगलच्या वर उल्लेखलेल्या पुस्तकात एका प्रसंगाचे मूळ कारण शोधणे, दुरुस्ती आणि नंतरचे लेखन धरून सरासरी सहा तास लागतात असे गणित मांडले आहे, आणि त्यावरून बारा तासांच्या पाळीत दोनहून अधिक प्रसंग येऊ नयेत अशी मर्यादा घातलेली आहे. पातळ्या चुकीच्या लागल्या आहेत का, हे पाहायचा उपायही साधा आहे. गेल्या महिन्यातील प्रत्येक फोनपुढे, उठलेल्या माणसाने काय केले ते लिहावे. ‘काही नाही, आपोआप थांबले’ असे ज्यापुढे येईल तो नियम खालच्या पातळीवर न्यावा. ही अर्धी तपासणी अनेक जण करतात, कारण खोट्या फोनचा त्रास जाणवतो. उरलेली अर्धी क्वचितच होते: प्रत्येक खऱ्या बिघाडानंतर लॉग, तिकिटे आणि टपालपेट्या उलट चाळून, त्याची आगाऊ वर्दी देणारा संदेश कोठे पडून राहिला होता का ते शोधणे आणि सापडल्यास त्याला वर उचलणे. नाइट कॅपिटलचे ते ई-मेल पहिल्या प्रकारच्या तपासणीत कधीच सापडले नसते, कारण त्यांनी कोणाला उठवलेच नव्हते.

पातळ्यांची ही सारी रचना संदेश निघाला आणि पोचला तरच उपयोगी पडते. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसच्या सर्व्हरवरील माहिती पुसायला घेतली आणि लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले. राखीव प्रतींकडे वळल्यावर आढळले, की रोजचा बॅकअप निघतच नव्हता. बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या ९.६ आवृत्तीऐवजी ९.२ आवृत्तीचा चालत होता आणि दर वेळी चूक देऊन थांबत होता. चुकीचा ई-मेल निघण्याची व्यवस्था होती. मात्र पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी आवश्यक खूण त्या ई-मेलांवर नसल्यामुळे घेणारा सर्व्हर ते परत लोटत होता. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावरून सेवा उभी करता आली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. येथे पातळी चुकलेली नव्हती, वाट तुटलेली होती, आणि तुटलेल्या वाटेची खबर त्याच वाटेने येऊ शकत नाही.

यावर तोड म्हणून प्रश्न उलटा करतात. ‘बॅकअप फसला तर कळवा’ याऐवजी ‘शेवटचा बॅकअप यशस्वी होऊन सव्वीस तास उलटले तर कळवा’ असा नियम लिहितात, म्हणजे चुकीचा संदेश कोठेही हरवला तरी यशाची नोंद न आल्याने इशारा उठतो. चोवीसऐवजी सव्वीस, कारण बॅकअपला एखाद्या रात्री थोडा अधिक वेळ लागू शकतो. हीच युक्ती संपूर्ण व्यवस्थेलाही लावतात. प्रोमिथियसमध्ये `vector(1)` अशी, जी कधीच खोटी ठरत नाही, अट असलेला `Watchdog` नावाचा इशारा ठेवला जातो. तो रात्रंदिवस चालू असतो आणि थोड्या थोड्या वेळाने एका बाहेरच्या सेवेकडे जात राहतो. ती सेवा तो आला तर काहीच करत नाही; यायचा थांबला, तर मात्र माणसाला फोन लावते. ही सेवा ज्या इमारतीत आणि ज्या नेटवर्कवर चालते ते राखल्या जाणाऱ्या यंत्रणेपासून वेगळे असावे लागते, अन्यथा एकाच वीजबिघाडात दोन्ही बंद पडतात. आणि एवढे करूनही शेवटचा तुकडा तपासला जात नाही, म्हणजे सेवेपासून त्या माणसाच्या उशाशी असलेल्या मोबाइलपर्यंतचा, ज्यावर अनोळखी क्रमांक गप्प करण्याची सोय चालू असू शकते. म्हणून काटेकोर संघांत पाळी बदलताना नव्या व्यक्तीला एक चाचणीचा फोन लावला जातो, आणि तिने कळ दाबून पोच दिल्याशिवाय आधीची व्यक्ती पाळीवरून उतरत नाही.